आतला लूप नेमका किती वेळा फिरतो? तीन छोट्या कोडची तुलना आणि कारणांचे मार्क

प्रश्न: मॅडम, एसई कॉम्पच्या इनसेमला तीन कोड देऊन "रनिंग टाइमची तुलना करा, कारण द्या" असा ६ मार्कांचा प्रश्न होता. तिन्हींत लूपच्या आत लूप आहे, एक n वेळा आणि एक log n वेळा फिरतो, म्हणून मी तिन्हींना O(n log n) लिहिलं आणि "तिन्ही सारखेच" असं उत्तर दिलं. फक्त २ मार्क मिळाले. सर म्हणाले, तिन्ही O(n log n) आहेत हे खोटं नाही, पण उत्तर चूक आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? रिचेकिंगला देऊ का? कोड अ, ब आणि क या क्रमाने देत आहे.

```c
for (i = 1; i <= n; i++)
    for (j = 1; j <= n; j = j * 2)
        count++;
```

```c
for (i = 1; i <= n; i = i * 2)
    for (j = 1; j <= i; j++)
        count++;
```

```c
for (i = 1; i <= n; i++)
    for (j = i; j <= n; j = j + i)
        count++;
```

उत्तर:

तुझे सर बरोबर बोलले. बिग ओ ही वरची मर्यादा आहे. "हा कोड O(n log n) आहे" याचा अर्थ एवढाच, की n मोठा झाल्यावर त्याचं काम n log n च्या ठरावीक पटीपेक्षा जास्त होत नाही. त्याहून किती कमी होतं, याबद्दल ते विधान काहीच बोलत नाही. तिघांचं वजन शंभर किलोच्या आत आहे हे खरं असलं, तरी तेवढ्यावरून तिघांचं वजन सारखं ठरत नाही. तुझं "तिन्ही O(n log n)" हे असंच खरं विधान आहे आणि "म्हणून तिन्ही सारखेच" ही त्यातून न निघणारी गोष्ट आहे. तुलना करायची तर वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा लागतात, म्हणजे थीटा लागतो.

तुझी पुढची अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. तिन्ही कोडना तू एकच कारण दिलंस. ते अ ला पूर्ण लागू पडतं. ब मध्ये त्यातून गरजेपेक्षा सैल उत्तर निघतं. आणि क मध्ये उत्तर बरोबर येतं, पण कारण साफ चुकीचं आहे. पेपर तपासताना मी हे तिसरं फार वेळा बघते, आणि तिथे कारणाचे मार्क देता येत नाहीत, शेवटची ओळ बरोबर असली तरी.

अ पासून सुरुवात करू. आतल्या लूपमध्ये j ची किंमत 1, 2, 4, 8 अशी दुप्पट होत जाते आणि n ओलांडली की लूप थांबतो. n = 16 घेतला तर j पाच किमती घेतो: 1, 2, 4, 8, 16. कुठल्याही n साठी ही संख्या ⌊log₂ n⌋ + 1 येते. आता महत्त्वाचं वाक्य: आतल्या लूपच्या सुरुवातीत, अटीत आणि वाढीत कुठेही i नाही. म्हणून बाहेरची फेरी पहिली असो की शेवटची, आत तेवढंच काम होतं, आणि म्हणूनच गुणाकार चालतो. एकूण n(⌊log₂ n⌋ + 1), म्हणजे 16 साठी १६ × ५ = ८०. हा Θ(n log n). गुणाकार का चालला हे सांगणारं ते एक वाक्य लिहिलं की अ चे मार्क पूर्ण.

ब मध्ये मात्र आतल्या लूपची अट j <= i आहे. i आत शिरला की गुणाकाराचा हक्क गेला, आता बेरीज करावी लागते. n = 16 साठी i च्या किमती 1, 2, 4, 8, 16 आणि आतला लूपही तितक्याच वेळा फिरतो. म्हणजे 1 + 2 + 4 + 8 + 16 = 31. तू गुणाकार केलास तेव्हा पाच फेऱ्यांना प्रत्येकी १६ धरून ८० केलेस. ही ४९ ची तफावत आली कुठून? प्रत्येक फेरी शेवटच्या फेरीइतकी मोठी आहे असं धरल्यामुळे. खरं तर शेवटची एकटी फेरी १६ ची आहे आणि तिच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या मिळून १५ च्या.

कुठल्याही n साठी असं लिही: 2^k ही n पेक्षा जास्त नसलेली दोनची सर्वांत मोठी घात धर, म्हणजे 2^k ≤ n < 2^(k+1). एकूण फेऱ्या 1 + 2 + ... + 2^k = 2^(k+1) − 1. अकरावीची साधी जीपी आहे ही. ही बेरीज 2n पेक्षा लहान आहे, कारण 2^(k+1) ≤ 2n. आणि ती n पेक्षा कमी नाही, कारण n हा 2^(k+1) पेक्षा लहान पूर्णांक आहे. दोन्ही बाजू मिळाल्या, म्हणून Θ(n). त्यात log उरतच नाही. log n फक्त बाहेरच्या फेऱ्यांची संख्या सांगतो, एकूण कामाची नाही.

इथे मुलं एक रास्त शंका काढतात. वर्गात पहिल्यांदा शिकवतो तो त्रिकोणी लूप, i एकापासून n पर्यंत एकेकाने आणि आत j <= i, तिथेही i आत शिरलेला असतो. तिथे "n गुणिले n, म्हणून n²" लिहिलं तरी उत्तर बरोबर येतं आणि मार्कही मिळतात. मग ब मध्येच ते का फसतं? अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सोडवलेल्या प्रश्नसंचांत ही उदाहरणं शेजारीशेजारी असतात, पण या शंकेचं उत्तर माझ्या पाहण्यात तिथे कधी आलेलं नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

कमाल किंमत घेऊन गुणाकार केला की वरची मर्यादा नेहमीच मिळते. ती घट्ट आहे की सैल, हे एका प्रश्नावर ठरतं: बाहेरच्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत आतला लूप आपल्या कमाल किमतीच्या आसपास पोहोचतो? त्रिकोणी लूपमध्ये i जेव्हा n/2 च्या पुढे असतो, म्हणजे निम्म्या फेऱ्यांत, आतला लूप किमान n/2 वेळा फिरतो. एवढ्यावरूनच एकूण काम किमान n²/4 झालं. गुणाकाराने n² सांगितलं, खरी बेरीज n(n+1)/2 आहे, फरक फक्त स्थिर पटीचा, आणि थीटाला त्याने काही होत नाही. ब मध्ये i जेव्हा n/2 च्या पुढे असतो अशी फेरी एकच आहे, शेवटची. log n फेऱ्यांपैकी एकच मोठी आणि उरलेल्या झपाट्याने लहान होत जाणाऱ्या. म्हणून गुणाकार log n पटीने फुगला. त्रिकोणी लूपवर बसलेली सवय ब वर फसते ती या जागी, आणि परीक्षक हा प्रश्न काढतो तेव्हा त्याला नेमकी हीच जागा तपासायची असते.

आता क. तू लिहिलंस की एक लूप log n वेळा फिरतो. कुठला? बाहेरचा तर सरळ n वेळा फिरतो. आतला i पासून सुरू होऊन i च्या पावलांनी जातो, म्हणजे i, 2i, 3i असे i चे पटीतले आकडे घेतो. n पर्यंत असे ⌊n/i⌋ आकडे असतात. i = 1 असताना पूर्ण n फेऱ्या होतात, आणि i हा n/2 पेक्षा मोठा झाला की प्रत्येक वेळी फक्त एक. n = 16 साठी आतले आकडे क्रमाने लिहून बघ: 16, 8, 5, 4, 3, 2, 2, 2, आणि मग आठ वेळा 1. बेरीज ५०. आतला लूप इथे कुठेही दुपटीने धावत नाही. log आहे, पण तो एकाही लूपमध्ये बसलेला नाही. तो बेरजेतून बाहेर येतो. कमाल गुणिले फेऱ्या केलं असतंस तर १६ × १६ = २५६ आले असते. वरचा निकष इथे लाव: n च्या आसपास पोहोचणाऱ्या फेऱ्या मोजक्याच, म्हणून O(n²) खरं पण फार सैल.

बेरीज अशी आहे: ⌊n/1⌋ + ⌊n/2⌋ + ... + ⌊n/n⌋. कंस काढले तर n(1 + 1/2 + 1/3 + ... + 1/n). कंसातल्या बेरजेला H म्हणू. ही हार्मोनिक सिरीज. "हार्मोनिक सिरीज log n असते" असं पाठ केलेलं वाक्य लिहिलं तर बहुतेक परीक्षक चालवून घेतात, पण ते दोन ओळींत सिद्ध होतं आणि मला तेच जास्त आवडतं. पदांचे गट पाड: पहिला गट एकटा 1. दुसरा 1/2 आणि 1/3. तिसरा 1/4 पासून 1/7 पर्यंत. चौथा 1/8 पासून 1/15. म्हणजे 1/2^k पासून सुरू होणाऱ्या गटात 2^k पदं. त्यातलं प्रत्येक पद 1/2^k पेक्षा जास्त नाही, म्हणून गटाची बेरीज 1 च्या वर जात नाही. आणि प्रत्येक पद 1/2^(k+1) पेक्षा मोठं आहे, म्हणून गटाची बेरीज 1/2 पेक्षा जास्त. गटांनी ही बेरीज जोखण्याची कल्पना १४व्या शतकातल्या निकोल ओरेम यांची, त्यांनी ती ही सिरीज अनंतापर्यंत वाढत जाते हे दाखवायला वापरली होती.

n पर्यंत असे किती गट होतात? ⌊log₂ n⌋ + 1, आणि त्यातला शेवटचा कदाचित अपुरा. म्हणून H ची वरची मर्यादा ⌊log₂ n⌋ + 1 आणि खालची त्यातल्या पूर्ण गटांवरून ⌊log₂ n⌋/2. आता ⌊ ⌋ कंस परत आणू. वरच्या बाजूला अडचण नाही, कारण कंसाने संख्या लहानच होते. खालच्या बाजूसाठी एवढं पुरे, की 1 किंवा त्याहून मोठ्या कुठल्याही संख्येचा पूर्णांक भाग तिच्या निम्म्यापेक्षा कमी नसतो. म्हणून एकूण काम किमान nH/2, म्हणजे किमान n⌊log₂ n⌋/4. दोन्ही बाजूंनी n log n, म्हणून Θ(n log n). यातून एक सुंदर गोष्ट आपोआप मिळाली, ती निसटू देऊ नकोस: क ची वरची मर्यादा n(⌊log₂ n⌋ + 1) आली, आणि तेच तर अ चं नेमकं काम आहे. म्हणजे कुठल्याही n साठी क चं काम अ पेक्षा जास्त होत नाही.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर असं: ब सर्वांत जलद, Θ(n). अ आणि क एकाच वाढीचे, Θ(n log n), पण प्रत्यक्ष मोजणीत क थोडा कमी. प्रत्यक्ष आकडे बघ. n = 1000 असताना अ मध्ये count १०,००० होतो, क मध्ये ७,०६९ आणि ब मध्ये १,०२३. n दहा लाख केला तर अ चे २ कोटी, क चे १,३९,७०,०३४ आणि ब चे १०,४८,५७५. अ ला क ने भागून बघ: दोन्ही वेळा सुमारे १.४. n हजारपट झाला तरी हे गुणोत्तर जवळजवळ जागेवर राहिलं. एकाच थीटात असण्याचा अर्थ हाच. अ ला ब ने भाग: आधी सुमारे १०, मग सुमारे १९. हे गुणोत्तर वाढत जातं, म्हणून ते दोघं वेगळ्या वर्गातले. पेपरात असे आकडे पुरावा म्हणून चालत नाहीत, पण घरी आपलं उत्तर पडताळायला हीच रीत चांगली.

पडताळताना दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, ब चं काम n बरोबर गुळगुळीत वाढत नाही. n = 1023 ला count १,०२३ असतो आणि n = 1024 ला एकदम २,०४७. एकाने वाढवल्यावर काम दुप्पट झालेलं पाहून गोंधळू नकोस. count ला n ने भागलं की उत्तर 1 ते 2 च्या मध्येच राहतं, आणि Θ(n) म्हणायला तेवढं पुरतं. दुसरं, वेळ मोजू नकोस, count छाप. gcc ला -O2 देऊन कंपाइल केलंस तर ब चा आतला लूप कंपायलर सरळ काढून टाकू शकतो आणि त्याजागी count मध्ये i मिळवू शकतो, कारण आत दुसरं काहीच घडत नाही. मग घड्याळ log n सारखा वेळ दाखवेल आणि तुला वाटेल आपलं गणित चुकलं. प्रॅक्टिकलला मुलं हे सेकंदांचे आकडे जर्नलमध्ये लिहून आणतात आणि ओरलला त्यांना त्यांचं कारण सांगता येत नाही. count साठी long long घे. n दहा कोटी असताना अ मध्ये तो २७० कोटींवर जातो आणि int ची हद्द साधारण २१४ कोटींची आहे. i ला दुप्पट करणाऱ्या लूपमध्ये n 2^30 किंवा त्याहून मोठा असेल तर i सुद्धा int मध्ये मावत नाही, आणि लूप कधीच न थांबण्याची शक्यता असते.

पेपरात ब साठी मला कसं लिहिलेलं हवं असतं तेही सांगते. "count++ किती वेळा चालतो ते मोजू. आतला लूप i वर अवलंबून आहे, म्हणून गुणाकार न करता बेरीज घेऊ. i = 1, 2, 4, ..., 2^k, जिथे 2^k ≤ n < 2^(k+1), आणि प्रत्येक वेळी आतला लूप i वेळा फिरतो. बेरीज 2^(k+1) − 1. ही n पेक्षा कमी नाही आणि 2n पेक्षा लहान आहे. बाहेरच्या लूपच्या अटी तपासण्याचं काम log n च्या पटीत, ते यात मावतं. म्हणून Θ(n)." एवढंच. बाहेरच्या लूपचं स्वतःचं काम सांगणारी ओळ बहुतेक जण गाळतात. या तीन कोडमध्ये तिने उत्तर बदलत नाही. पण ज्या कोडमध्ये आतला लूप बऱ्याच फेऱ्यांत शून्य वेळा फिरतो, तिथे count लहान राहतो आणि बाहेरचा लूप मात्र n वेळा फिरलेला असतो. अशा वेळी ती ओळ गाळली तर उत्तरच चुकतं.

रिचेकिंगचं म्हणशील तर, प्रश्न "वरची मर्यादा सांगा" असा असता तर मी नक्की दे म्हटलं असतं. "तुलना करा" असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तुझा निष्कर्ष "तिन्ही सारखेच" आहे, आणि क चं कारण चुकीचं आहे. मिळालेले २ मार्क बहुधा अ चेच आहेत आणि ते योग्य आहेत. अर्ज करण्याआधी सरांकडे उत्तरपत्रिका मागून क च्या शेजारी काय शेरा आहे तो बघ. "मध्ये log आला" यापलीकडे तुझ्या कारणात ⌊n/i⌋ ची बेरीज कुठे लिहिलेली असेल, तर तेवढ्यापुरतं बोलायला जागा आहे.